फोटोतल्या हातावरचं नाव

आमच्या धंद्यात 'माणूस काढणं' हा रोजचा शब्द आहे. गिऱ्हाईक काउंटरला टेकून बिनधास्त सांगतं, "ताई, ह्या फोटोतला आमचा बाप काढा आन् त्या फोटोत घाला." नवख्या माणसाला ऐकून कसंतरी होतं. मला काही होत नाही. वाशी ह्या आमच्या तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे आणि गेली सतरा-अठरा वर्षं मी बाप काढते, आई काढते, लग्नाला न आलेला रुसलेला भाऊ काढते आणि सांगतील तिथं नेऊन उभा करते. अख्खा माणूस, डोक्यापासून पायापर्यंत. चेहरा कापणं सोपं असतं हो. पाय जमिनीला टेकवणं अवघड. पायाखाली नीट सावली पडली नाही, तर माणूस हवेत तरंगतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, आमचा बाप भूत दिसतोय."

आणखी एक सवय मला लागली होती, ती आधीच कबूल करते. माणूस कापून घेतला की मी तो धुऊन काढायचे. मस, वांग, कांजण्यांचा खड्डा, भाजल्याचा डाग, जे दिसेल ते. कुणी सांगायची गरज नसायची. उलट सगळे खूशच व्हायचे. "काय गोरी केली हो आमच्या म्हातारीला!" असं म्हणून पेढे देऊन गेलेली माणसं आहेत. त्यामुळं माझं डोकंही जरा वर गेलं होतं. मला वाटायचं, मी लोकांना देवापेक्षा बरं घडवते. शहाणपणा नुसता!

त्या वर्षी ऊस तोडणी जोरात होती. रस्त्यानं दिवसभर ढोकीच्या साखर कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असायची. अशात एक माणूस स्टुडिओत आला. पंचेचाळिशीचा, जवळच्याच गावचा बागायतदार, अंगावर उसाचं पाचट तसंच. त्याचे वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला आठ दिवस होते आणि त्याआधी त्याला आईवडिलांचा जोडीनं उभा असलेला मोठा फोटो फ्रेम करून हवा होता. दोघांचा एकत्र असा एकही फोटो नव्हता.

"एक बी न्हाय?" मी विचारलं. "लग्नातला?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "माजी सख्खी आय मी लहान असतानाच गेली. ही माय पाट लावून आणलेली. तवा कुठले फोटो न् काय."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. ना मांडव ना वाजंत्री, चार माणसांत उरकायचं. तिचा पहिला नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच वारला होता आणि ह्याचे वडील लहान लेकरू पदरात घेऊन एकटे पडले होते. म्हणून दोन मोडलेले संसार जोडून दिले होते.

त्यानं मोबाईलमधून दोन फोटो दिले. वडील पुतण्याच्या लग्नात उभे होते, पांढरं धोतर, फेटा, डोळे थेट कॅमेऱ्यात. आई याच्याच घराच्या वास्तुशांतीला दारात उभी होती. हिरवी साडी, डोक्यावरून पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू. म्हातारा तेव्हा जिवंत होता ना. आता तिच्या कपाळाला कुंकू नाही, म्हणून नवीन फोटो काढून चालणार नव्हतं. जुन्यातूनच तिला काढायची होती.

"आन् ताई, एक काम लक्ष देऊन करा." त्यानं स्क्रीनवर दोन बोटांनी फोटो मोठा केला. तिच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, बाहेरच्या अंगाला हिरवट गोंदण होतं. चार अक्षरांचं नाव. "हे घालवा. पार नामोनिशान राहता कामा नये."

"वडलांचं नाव हाय ना?"

"माझ्या बापाचं न्हाय," तो म्हणाला आणि मोबाईल खिशात घातला.

मला कळलं. जत्रेत हौसेनं नवऱ्याचं नाव गोंदून घेतलेल्या किती बायका मी बघितल्यात. ह्या बाईनं घेतलं ते पहिल्या नवऱ्याचं. मी म्हटलं, होऊन जाईल. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. मी कुठं तिला विचारायला जाणार होते?

कामाला बसले. आधी दोघांना कॉम्प्युटरवर पेन टूलनं कडेकडेनं कापून घेतलं, पारदर्शक कागदावर ठेवावं तसं एकेका थरावर ठेवलं. आपल्याकडं बायको नवऱ्याच्या डाव्या अंगाला उभी करतात, तशी ती केली. मग अडचण दिसली. तिची मान जरा बाहेर वळलेली, म्हणजे नवऱ्याकडं पाठ केल्यासारखी. वर ऊन त्याच्यावर एका बाजूनं पडलेलं आणि तिच्यावर दुसऱ्या बाजूनं. अशा वेळी आम्ही एक सोपी युक्ती करतो. माणूस आडवा उलटवायचा, आरशात दिसतो तसा. एका क्लिकचं काम. मान आत वळली, ऊनही जुळलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग गोंदण. एखादा मस घालवायला एक टिचकी पुरते. अख्खं नाव असं जात नाही, घाई केली तर हातावर शेवाळ साचल्यासारखा पट्टा दिसतो. म्हणून वर एक कोरा थर घेतला आणि कोपराखालची स्वच्छ कातडी थोडी थोडी उचलून अक्षरांवर बसवत गेले. मूळ फोटोला हात लावायचा नाही, ही माझी पहिल्यापासूनची शिस्त. फोटो तिप्पट मोठा करून काम चाललं होतं. शेवटच्या अक्षराशी कातडी पांढुरकी, ओढल्यासारखी दिसली. मला वाटलं मोबाईलच्या फोटोचा दोष आहे. तेही झाकलं. जबड्यावर उजव्या कानाखाली चिंचोक्याएवढी तपकिरी जन्मखूण होती, ती मात्र राहू दिली. का ते आता आठवत नाही, बहुतेक चहा आला असेल.

नमुना त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. लगेच उत्तर आलं, एक नंबर. मी एक छोटी प्रत काढून ठेवली आणि म्हटलं मोठी उद्या काढू.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओच्या पायरीवर चप्पल काढून एक म्हातारी आत आली. पासष्टीची, काटक, उन्हानं रापलेली. कपाळ रिकामं. एसटीनं एकटीच आली होती.

"माजा फोटू हितंच केलाय का? लेकाच्या मोबाईलात बारका दिसला."

मी ओळखलं. "या की मावशी, बसा. पाणी घ्या."

"पानी मागून. फोटू दावा."

मी प्रत हातात दिली. तिनं ती उजेडाला धरली, पदरानं पुसली, परत धरली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. मग स्वतःकडं बघितलं.

"तोंड माजं हाय. आरशात दिसतंय तसंच हाय," ती म्हणाली. "हात कुनाचा हाय?"

"तुमचाच आहे मावशी."

"न्हाय." तिनं पदर सारला आणि स्वतःचा उजवा हात फोटोशेजारी काउंटरवर ठेवला. जुनं हिरवं गोंदण, वयानं पसरलेलं, पण चारही अक्षरं नीट वाचता येत होती. "ह्यो माजा हात. तुमी दुसऱ्या बाईचा लावला."

मी सांगितलं की तुमच्या मुलानंच पुसायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "त्यानं सांगितलं. तुमी मला इचारलं?" आणि तोंडाकडं बघत राहिली. मला राग आला, खरं सांगते. तिचा नाही, पोराचाही नाही, माझाच. सतरा वर्षं मी लोकांची अंगं पुसत होते आणि हा प्रश्न मला एका निरक्षर बाईनं विचारावा?

"पुसलं ते पुसलं, आता कुठनं आननार," ती खालच्या आवाजात म्हणाली. तिला वाटलं होतं नाव गेलं ते कायमचंच.

"गेलं नाही मावशी. इकडं या." मी तिला कॉम्प्युटरपुढं बसवलं. वर चढवलेल्या कातडीच्या थराशेजारची डोळ्याची खूण दाबली. थर बंद झाला आणि हातावर नाव परत आलं.

"आगं माय!" ती खुर्चीत मागं सरकली. मग पुढं वाकली आणि कपाळाला आठी पडली. "उलटं हाय की."

अक्षर ओळखत नसलेल्या बाईनं ओळखलं. माणूसच उलटवलेला, तर नावही उलटंच असणार. पुसलेलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. नाव ठेवायचं म्हटल्याबरोबर माझी लबाडी उघडी पडली. नाव उलटं, हात डावा झालेला, पदर उजव्या खांद्यावर गेलेला, कानाखालची खूण दुसऱ्या बाजूला. आणि एवढं सगळं तिच्या पोरानं 'एक नंबर' म्हणून मंजूर केलं होतं! मला वाटतं, त्याचं लक्ष फक्त त्या मोकळ्या हाताकडं होतं.

मी तिला सरळ केली. आता ती स्क्रीनकडं बघून गोंधळली.

"ही कोन? तोंडच बदललं."

मला आधी समजेना, मग उमगलं. जन्मभर तिनं स्वतःला आरशात बघितलेलं. आरशात आपण उलटे असतो. मी म्हटलं, "मावशी, आरशात आपल्याला आपण उलटं दिसतो. हे तुमचं खरं तोंड. समोरच्या माणसाला तुम्ही अशा दिसता."

"मंजी त्यास्नी मी आशी दिसायची?"

"हो. त्यांनी तुम्हाला असंच बघितलं."

तिनं बराच वेळ बघितलं. हात उचलून उजव्या कानाखालच्या खुणेवर ठेवला. "मग आशीच ठिवा," ती म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी उगाच माउसची तार सोडवत बसले.

आता काम वाढलं. ऊन जुळत नव्हतं, मान बाहेर वळत होती. मान जाऊ दे म्हटलं, पण उजेड हातानं फिरवावा लागणार होता, एका गालावरचा उतरवायचा, दुसऱ्यावर चढवायचा. त्यातही गोंदणाला वेगळं झाकून ठेवावं लागतं. सगळ्या अंगावर उन्हाचा तांबूस रंग चढवला की हिरवं गोंदण विटतं, मळ लागल्यासारखं दिसतं. ते सगळं मी करणारच होते. पण आत कुठंतरी पोराची भीती होती. ऑर्डर त्याची. वाशीत तोंडातोंडी बदनामी व्हायला वेळ लागत नाही.

मग मला एक तोड सुचली आणि मला वाटलं, काय डोकं चाललं आपलं! सरळ केल्यावर तिचा उजवा हात नवऱ्याच्या बाजूला आला होता. नवऱ्याचा थर वर घेतला आणि त्याला चार बोटं सरकवलं, की त्याचं कोपर अलगद तिच्या मनगटावर येत होतं. नाव पुसायचं नाही, फक्त झाकायचं. जोडी जवळ उभी आहे एवढंच दिसणार. दोघांचंही समाधान. मी करून दाखवलं.

"बघा मावशी. नाव आहे तिथंच आहे. नुसतं ह्यांच्या हाताआड गेलं. कुणाचीच तक्रार नको."

तिचा चेहरा एकदम बदलला. आतापर्यंत ती हट्टानं बोलत होती, आता ती चिडली.

"सरकवा त्यास्नी मागं."

"अहो, ऐका तरी—"

"सरकवा म्हनते ना! त्यांच्या हातानं झाकता व्हय? त्यांच्या?" तिनं पदर परत सारला आणि शेवटच्या अक्षराशेजारची पांढुरकी, ओढलेली कातडी माझ्या डोळ्यांपुढं धरली. मी ज्याला फोटोचा दोष समजले होते ती. "ह्ये काय हाय सांगा."

"भाजलंय?"

"बिब्बा. पाट लागायच्या आधी ह्यांची आई म्हनली, त्या मेल्याचं नाव घिऊन माज्या उंबऱ्याच्या आत येऊ नको. बिब्बा घासला की कातडं भाजून निघतं, नाव बी जातं. म्या परसात बसून घासाय लागले. लई आग व्हत होती. शेवटल्या अक्षराची कड भाजली न् ह्ये आले. हातातला बिब्बा हिसकून फेकला. म्हनले, मी हात मागितला, हात कोरा पायजे आसं कुटं म्हनलो? सवताच्या हातानं खोबऱ्याचं तेल लावलं. आईसंगं भांडले. चाळीस वरसं त्या नावाकडं कदी वाकडं बगितलं न्हाय त्या मानसानं, आन् तुमी आता मेल्यावर त्याच्याच कोपरानं झाकायला लावता?"

माझ्या हुशारीची लाजच वाटली मला. झाकणं पुसण्यापेक्षा सभ्य, असं मी समजत होते. इथं तेच जास्त वाईट होतं. पुसलं असतं तर माझं पाप होतं. झाकताना ते मी म्हाताऱ्याच्या माथी मारत होते.

म्हाताऱ्याचा थर मी मागं घेतला.

"मावशी, तुमचा मुलगा नाही म्हणाला तर?"

"तर मला काडून टाका. त्यास्नी एकट्याला लावा भितीवर. पर हात कोरा करून मला उभी करायची न्हाय. म्या तशी कदी उभीच न्हाय ऱ्हायले."

एवढं सांगून तिनं पाणी प्यायलं. मी तिला म्हटलं, आता तुम्हीही बसा, मीही बसते, आणि त्याला इथंच बोलावू. फोन लावला. तो ट्रॉली भरत होता. "माय तिथं आलीये?" एवढंच म्हणाला. तासाभरात मोटारसायकल पायरीशी लागली.

आत आला तो तणतणत. "माय, तू एसटीनं एकटी? आन् ताई, तुमाला फोटू पसंत हाय म्हनून सांगितलं व्हतं ना मी?"

"ज्यांचा हात आहे त्यांना पसंत नाही," मी म्हणाले. कुठून बळ आलं कुणास ठाऊक. "आणि आधीच सांगते, त्या नको म्हणाल्या तर मी ते पुसणार नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं तर घ्या, फोटो परत देते."

त्यानं मोटारसायकलची किल्ली काउंटरवर टाकली. मग वळला आईकडं. मला वाटलं ओरडेल. पण त्याचा आवाज उलट खाली आला.

"माय, वर्षश्राद्धाला चार पाहुणे येणार. चुलते येणार, सुनंच्या माहेरची मान्सं येणार. फोटूपुढं हात जोडणार. आन् बापाच्या शेजारी दुसऱ्याचं नाव? शाळंत पोरं चिडवायची मला, तुज्या मायच्या हातावर कुनाचं नाव हाय रं. मारामाऱ्या केल्यात म्या. हयातभर ते तुज्या हाताला चिकटलं, मी तुला कदी बोललो? भितीवर तरी माज्या बापाला एकट्याला नवरा ऱ्हाऊ दे की."

मला त्याचंही पटलं, हे लपवत नाही. इतका मोठा माणूस, पण शाळेतल्या मारामाऱ्या कालच झाल्यासारख्या सांगत होता.

म्हातारीनं त्याला समोरच्या स्टुलावर बसायला लावलं. "मारामाऱ्या ध्यानात हायत. त्याच्या आदीचं हाय का ध्यानात?"

"काय?"

"तू पयलीला व्हतास. तुला काय केल्या अक्षर येईना. गुर्जी रोज कान पिळायचे, तू रडत यायचास. मला तर काळं म्हनून अक्षर ठावं न्हाय, मी काय शिकिवनार? तर तू माजा हात मांडीवर घ्यायचास आन् हितलं बघून बघून पाटीवर काडायचास." तिनं गोंदणावर बोट ठेवलं. "एक, दोन, तीन, चार. महिनाभर चाललं. एक दिवस संध्याकाळी तू ती चार अक्षरं जोडलीस. मोठ्यानं वाचलंस. तुजं पयलं वाचन ते."

तो तिच्या हाताकडं बघू लागला.

"तुजा बाप ओट्यावर दावं वळत व्हता. मी घाबरले. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नसतं, म्या कदीच घेतलं नव्हतं, तो हुता तवा बी न्हाय आन् गेल्यावर बी न्हाय. ह्या घरात ते पयल्यांदा बोलला तो तू. मला वाटलं आता काय व्हतंय काय की. तुज्या बापानं दावं खाली ठिवलं. म्हनला, बराबर वाचलंस. आनि येकदा वाच, मोठ्यानं वाच." तिनं नाक पदराला पुसलं. "तुला गूळ दिला त्यानं. आन् मला म्हनला, बघ, तो गेलेला मानूस बी आपल्या पोराला शिकवून गेला."

बाहेर एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला. मला त्या माणसाकडं बघवेना म्हणून मी स्क्रीनकडं बघत होते. तिथं ते दोघं उभे होते, तो फेट्यात, ती हिरव्या साडीत.

"मला आठवत न्हाय," तो शेवटी म्हणाला. "गूळ आठवतो. कशाचा ते न्हाय आठवत."

"आता आठव," म्हातारी म्हणाली.

तो उठून माझ्या खुर्चीमागं आला. "ताई, मोठं करा जरा."

मी हातावर नेऊन फोटो तिप्पट केला. चार हिरवी अक्षरं अख्ख्या स्क्रीनभर पसरली. त्यानं बोट पुढं केलं, उसाच्या पात्यांनी चिरलेलं, काळं पडलेलं बोट, आणि काचेवर पहिल्या अक्षराखाली ठेवलं. पहिलं अक्षर म्हणाला. बोट सरकवलं, दुसरं म्हणाला. पहिलीतलं पोर वाचतं तसा, थांबून थांबून, सूर लावून. तिसरं म्हणाला. चौथ्याला अडला, कारण म्हाताऱ्याचा थर मी मागं घेतला होता तरी त्याच्या सदऱ्याच्या बाहीची कड अजून शेवटच्या अक्षरावर येत होती.

"बापाला आनखी जरा सरकवा, ताई," तो म्हणाला. "वाचता येईना गेलंय."